बेडकांची शिरगणती आणि वंशवृक्षाच्या फांद्या

समजा, सह्याद्रीत दोन टेकड्या आहेत. पहिल्या टेकडीवर बेडकांच्या चार जाती आढळतात, दुसरीवर फक्त दोन. पैसा आणि माणसे एकाच टेकडीचे रक्षण करण्यापुरती आहेत. कोणती टेकडी निवडावी? चार हे दोनांहून अधिक, तेव्हा पहिली, असे उत्तर चटकन सुचते. ते बरोबर आहे का, हे ताडून पाहू या.

पहिल्या टेकडीवरच्या चारही जाती झुडपी बेडकांच्या आहेत असे धरू. त्यांचा रंग, आकार व आवाज निरनिराळा असतो. परंतु त्या एकमेकींच्या सख्ख्या बहिणी आहेत. चौघींच्याही अंड्यांतून डिंभ न निघता थेट चिमुकले बेडूकच बाहेर पडतात.

दुसऱ्या टेकडीवर एक झुडपी बेडूक आहे आणि दुसरा आहे जांभळा बेडूक. एस. डी. बिजू व फ्रँकी बॉसूट यांनी २००३ साली या प्राण्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. फुगीर अंगाचा, टोकदार नाकाचा हा बेडूक केरळच्या डोंगरांत राहतो. वर्षातला बहुतेक काळ तो जमिनीखाली काढतो व वाळवी खातो. पावसाच्या सुरुवातीला अंडी घालण्यासाठी थोडे दिवस वर येतो, एवढेच. त्याचे डिंभ चोषकासारख्या तोंडाने ओढ्यातील खडकांना चिकटून वाहत्या पाण्यात टिकाव धरतात. त्याचे सर्वांत जवळचे परके नातलग भारतात नाहीत. ते दूर सेशेल्स बेटांवर आहेत!

मग या दोन टेकड्यांची तुलना कशी करायची? ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ डॅनियल फेथ यांनी १९९२ साली त्यासाठी एक माप सुचवले. त्याला जातिवृत्तीय विविधता म्हणतात. कल्पना सोपी आहे. रस्त्यावरच्या खांबापासून घरांना वीज द्यायची आहे. चार घरे एकाच गल्लीच्या टोकाला असतील तर गल्लीभर एकच तार जाते आणि शेवटी चार छोटे फाटे फुटतात. दोन घरे दोन वेगळ्या गल्ल्यांत असतील तर दोन लांब तारा लागतात. एकूण तार किती लागली ते मोजायचे. सामाईक तार एकदाच धरायची. वंशवृक्षाच्या बाबतीत तारेची लांबी म्हणजे काळ. जनुकांतील फरक व जीवाश्म यांवरून तो अजमावतात.

आता गणित करू. आकडे ढोबळ घेऊ. जांभळा बेडूक व झुडपी बेडूक यांचा समाईक पूर्वज १४ कोटी वर्षांपूर्वी होता आणि झुडपी बेडकांच्या चार जाती १ कोटी वर्षांपूर्वी एकाच ठिकाणी वेगळ्या झाल्या असे समजा.

पहिली टेकडी : सामाईक फांदी १३ कोटी + चार फाटे ४ कोटी = १७ कोटी वर्षे.
दुसरी टेकडी : जांभळा बेडूक १४ कोटी + झुडपी बेडूक १४ कोटी = २८ कोटी वर्षे.

जाती निम्म्या, पण इतिहास कितीतरी अधिक! पहिल्या टेकडीला २८ चा आकडा गाठायचा तर झुडपी बेडकांच्या १५ जाती लागतील. लांब, एकट्या फांदीवर साठलेले गुण दुसरीकडे मिळण्याची शक्यता कमी असते, म्हणून या लांबीला महत्त्व. झुडपी बेडकाची एक जात गेली तर १ कोटी वर्षांची फांदी तुटते. टेकडीवरचा जांभळा बेडूक गेला तर १४ कोटींची.

मात्र येथे एक मेख आहे. २०१७ साली जांभळ्या बेडकाच्या भावंडाचे, दुसऱ्या एका जातीचे वर्णन तमिळनाडूतून प्रसिद्ध झाले. म्हणजे सगळ्या जगाचा हिशेब केला, तर एक जात नष्ट होऊनही दुसरी जगेल तोवर त्या फांदीचा मोठा भाग शिल्लक राहील. दोन्ही गेल्या, तरच ती फांदी मुळापासून तुटेल. तेव्हा फांदीचे मोल त्या जातीचे कोणते नातलग हयात आहेत यावर ठरते, आणि हिशेब कोणत्या क्षेत्राचा करतो यावरही.

आणखी एक गोष्ट. प्रत्येक नवी जात मापात थोडी तरी भर घालतेच. त्यामुळे बहुधा जातींची संख्या व हे माप बरोबरीने वाढतात. त्यांच्यात मोठी तफावत पडते ती एका जागी सख्ख्या बहिणींची गर्दी आणि दुसऱ्या जागी एकाकी वंश असला, तरच. शिवाय हे माप धोका सांगत नाही. लांब फांदीवरची जात सुखरूपही असू शकते. म्हणूनच लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेने २००७ साली सुरू केलेल्या उपक्रमात फांदीची लांबी आणि नष्ट होण्याचा धोका, दोन्ही एकत्र धरून यादी केली जाते.

तेव्हा टेकडी निवडताना आधी वंशवृक्ष काढावा. किती जाती, हा प्रश्न विचारावाच. पण त्या एकमेकींपासून किती दूरच्या, हे विचारायलाही विसरू नये.