भागाकार, पण सबुरीने

नागपूर-इटारसी मार्गावर धावत्या गाडीच्या खिडकीतून पांढुर्णा स्थानकाच्या पिवळ्या पाटीचा फोटो काढला, की काळी अक्षरं आडवी फरफटलेली दिसतात. समजा, गाडीचा वेग ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर आहे. कॅमेऱ्याचं शटर सेकंदाचा दोनशेवा भाग उघडं राहिलं, तर तेवढ्यात पाटी १० सेंटिमीटर सरकते. पाटीचा एक सेंटिमीटर फोटोत एक पिक्सेल भरत असेल, तर प्रत्येक पिक्सेलमध्ये ओळीतल्या १० पिक्सेलांची सरासरी उतरते. त्यावर सेन्सरचा नॉइज बसतो.

ही सरासरी उलटवायची कशी? कोणतंही चित्र लहान-मोठ्या लहरींची बेरीज मानता येतं. हलण्यामुळे प्रत्येक लहरीची उंची एका गुणकाने कमी होते. त्याला H म्हणू. रुंद लहरींसाठी H जवळपास १ असतो. नेमकी दर १० पिक्सेलांनी फिरून येणारी लहर मात्र सरासरीत पूर्ण पुसली जाते. तिथे H शून्य. दर ५ पिक्सेलांच्या लहरीचंही तेच.

इन्व्हर्स फिल्टर सरळ H ने भागतो. नॉइज नसता आणि H कुठेच शून्य नसता, तर एवढ्याने काम झालं असतं. पण नॉइज फोटो फरफटल्यानंतर मिसळतो, त्यामुळे तो H ने कमी झालेलाच नसतो. H जिथे ०.०१ आहे, तिथे भागाकार त्याला शंभरपट फुगवतो. अक्षरं राहतात बाजूला, उभ्या पट्ट्यांनीच फोटो भरून जातो.

नॉर्बर्ट वीनरने दुसऱ्या महायुद्धात विमानाचा पुढचा ठावठिकाणा अंदाजण्यासाठी मांडलेली पद्धत १९४९ मध्ये पुस्तकरूपाने आली. मूळ चित्र आणि आपला अंदाज यांतल्या फरकाच्या वर्गाची सरासरी कमीत कमी करायची, हे तिचं सूत्र. आपल्या पाटीसाठी गुणक असा होतो:

W = H / (H² + K)

K म्हणजे नॉइज आणि मूळ चित्र यांच्या शक्तींचं गुणोत्तर. तो ०.०१ धरू. H ०.५ असेल, तर इन्व्हर्स २ ने गुणतो आणि वीनर १.९२ ने, फरक नगण्य. H ०.०१ वर आला, की इन्व्हर्स १०० ने गुणतो, वीनर फक्त ०.९९ ने. H शून्य झाला, तर वीनर ती लहर सोडूनच देतो.

K चा अंदाज पाटीच्या कोऱ्या पिवळ्या भागातल्या चढउतारावरून बांधता येतो. तो फार लहान धरला तर दाणे उसळतात, फार मोठा धरला तर अक्षरं पुसटच राहतात. सरकण्याची लांबी चुकली, तर अक्षरांच्या कडांना भुताटकी सावल्या येतात. मागची झाडं दूर असल्यामुळे फोटोत कमी सरकतात, म्हणून पाटीचा तुकडा कापून त्यावरच गणित करावं. पुसली गेलेली लहर मात्र वीनरही परत आणत नाही. म्हणून दुरुस्त फोटोतली एखादी बारीक रेघ पुरावा म्हणून वाचण्याआधी, ती शून्याजवळच्या लहरींवर तर उभी नाही ना, हे तपासावं लागतं.