घरचा पैसा फुकटचा नसतो

कर्जाचा खर्च किती, असे विचारले तर उत्तर सोपे असते : व्याजाचा दर. पण कंपनीने आपल्याच नफ्यातून बाजूला ठेवलेला पैसा वापरला तर? त्यावर कोणी व्याज मागत नाही, म्हणून तो फुकटचा वाटतो. तसा तो आहे का, हे आकडे मांडूनच पाहू.

समजा, एका कंपनीला १०० लाखांचे यंत्र घ्यायचे आहे. ४० लाख १२ टक्के व्याजाने कर्जाऊ, ६० लाख राखून ठेवलेल्या नफ्यातून. कंपनीच्या एकूण भांडवलातही, बाजारभावाने मोजता, हेच प्रमाण आहे असे धरू.

आधी कर्ज. वर्षाचे व्याज ४.८ लाख. करपात्र नफा काढताना व्याज वजा होते. म्हणून कराचा दर २५ टक्के असेल तर १.२ लाख कर वाचतो. प्रत्यक्ष बोजा ३.६ लाखांचा, म्हणजे १२ × (१ − ०.२५) = ९ टक्के. अर्थात, वाचवायला मुळात कर देणे लागत असले पाहिजे. तोट्याच्या वर्षी ही बचत, निदान त्या वर्षी तरी, हाती येत नाही.

आता नफ्याकडे वळू. हा पैसा भागधारकांचा. तो लाभांश म्हणून वाटला असता, तर त्यांनी तितक्याच जोखमीच्या दुसऱ्या ठिकाणी गुंतवला असता. तेथे हुकलेला परतावा हाच त्याचा खर्च. शेअरचा भाव २०० रुपये, पुढच्या वर्षीचा अपेक्षित लाभांश १२ रुपये आणि लाभांशाची वार्षिक वाढ ९ टक्के असेल, तर १२ ÷ २०० म्हणजे ६ टक्के, अधिक ९, एकूण १५ टक्के. यातली वाढ हा निव्वळ अंदाज आहे. ती ८ धरली की उत्तर लगेच १४ होते. लाभांशावर कंपनीला करसवलत नाही, म्हणून येथे ०.७५ ने गुणायचे नाही.

भारित सरासरी : ०.४ × ९ + ०.६ × १५ = १२.६ टक्के.

ताळा करून पाहू. झीज वजा जाता यंत्राने दरवर्षी १६.८ लाख मिळवले. त्यातून व्याज ४.८ गेले, उरले १२. कर ३ लाख. शिल्लक ९ लाख. ६० लाखांवर हे बरोबर १५ टक्के! राखलेला नफा फुकटचा मानला असता तर सरासरी अवघी ३.६ टक्के आली असती, आणि ५ टक्के देणारे यंत्रही फायद्याचे वाटले असते.

विद्यार्थी हमखास अडखळतात ते पुढच्या पायरीवर. करबचत ९ टक्क्यांत आलेली असते. तीच यंत्राच्या उत्पन्नातही धरली, तर १.२ लाख दोनदा मोजले जातात. सरासरीशी तुलना करताना कर पूर्ण १६.८ लाखांवर, म्हणजे ४.२ लाख धरायचा. वहीत ३ लाख दिसले, की चूक तेथेच आहे.