चार अक्षरं, तीन पायऱ्या

क, ख, ग, घ ही चार अक्षरं आपसांत २४ प्रकारे बदलता येतात. या २४ अदलाबदलींचा मिळून एक ग्रुप होतो, S₄. तो ‘सॉल्व्हेबल’ आहे असं गणिती म्हणतात, ते कशाच्या जोरावर?

दोन अदलाबदली घ्या. पहिली करा, दुसरी करा, मग पहिली उलटवा, शेवटी दुसरी उलटवा. क्रमाने काही फरक पडत नसेल, तर सगळं जागच्या जागी येईल. पडत असेल तर जे उरतं तो कम्युटेटर. सगळ्या कम्युटेटरांपासून तयार होणारा ग्रुप म्हणजे पुढची पायरी. तिथेही हेच करायचं, आणि असं करत एकट्या ‘काहीच न हलवणे’पर्यंत पोचलो, तर ग्रुप सॉल्व्हेबल.

क-ख बदला, ख-ग बदला, पुन्हा क-ख, पुन्हा ख-ग. क गेला ख च्या जागी, ख ग च्या, ग क च्या: तिघांचं चक्र. अशी आठही चक्रं कम्युटेटर म्हणून मिळतात आणि त्यांच्यापासून १२ सम अदलाबदलींचा A₄ तयार होतो. याबाहेर काही येणार नाही, कारण प्रत्येक कृती एकदा सुलटी, एकदा उलटी होते. एकूण जोडी-बदलांची संख्या समच राहते.

खरी गंमत दुसऱ्या पायरीत आहे. चार अक्षरांच्या दोन-दोन जोड्या तीनच तऱ्हांनी लागतात: कख-गघ, कग-खघ, कघ-खग. A₄ मधली कुठलीही अदलाबदल या तीन तऱ्हांना फक्त गोल फिरवते किंवा तशाच ठेवते. गोल फिरवण्यात आधी-नंतरचा प्रश्नच नाही, म्हणून कम्युटेटर तिन्ही तऱ्हा जागेवर ठेवतो. असं करणाऱ्या चारच अदलाबदली आहेत: काहीच न हलवणे, आणि दोन्ही जोड्या एकदम उलटवणाऱ्या तीन. हा क्लाइनचा ग्रुप. तिन्ही खरोखर मिळतात का? क→ख→ग→क हे चक्र आणि कख-गघ ही दुहेरी अदलाबदल घेऊन कम्युटेटर काढा, कघ-खग हाती येते. इतर चक्रं घेतली की उरलेल्याही.

क्लाइनच्या ग्रुपमध्ये क्रमाने काही बिघडत नाही, त्यामुळे पुढचा कम्युटेटर रिकामा. २४, १२, ४, १. उतरंड संपली.

फेरारीने चतुर्थ घाताचं समीकरण सोडवलं ती रीत कार्दानोच्या १५४५ च्या ‘आर्स माग्ना’त छापली आहे. ग्रुप ही कल्पना तेव्हा नव्हती, पण तिच्यामागे याच तीन तऱ्हा आहेत. चार मुळांच्या जोड्यांचे गुणाकार करून बेरीज घेतली, तर तीनच किमती येतात, म्हणून चौथ्या घाताचा प्रश्न तिसऱ्यावर उतरतो. पाच अक्षरांना मात्र अशी सोय नाही: तिथे एकच अक्षर सामाईक असलेली दोन चक्रं घेतली, की त्यांचा कम्युटेटर पुन्हा तिघांचं चक्रच देतो. त्यामुळे ६० सम अदलाबदलींवर येऊन उतरंड तिथेच अडते.