अर्जुनाचा काढा आणि पाकिटातल्या गोळ्या

कृष्णा-कोयनेच्या काठी अर्जुनसादडा ओळखायला सोपा. खोड पांढुरकं, गुळगुळीत; वरची साल पापुद्र्यांनी गळते आणि आतून फिकट गुलाबी अंग दिसतं. ‘अर्जुन’ म्हणजेच पांढरा. चांदोलीच्या जंगलात त्याचा भाऊबंद ऐन भेटतो, पण त्याची साल काळपट, मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. झाडं उभी असताना दोघांत गफलत होत नाही. साल वाळून, फुटून काष्ठौषधींच्या दुकानात पोत्यात आली की होते, आणि भुकटी झाल्यावर तर जाणकारालाही नुसत्या नजरेनं सांगता येत नाही. सातारा-सांगलीच्या बाजारातून आणलेल्या पुडीत नेमकं काय आहे, इथपासूनच प्रश्न सुरू होतो.

आयुर्वेदात या सालीचा हृदयाशी जोडलेला वापर जुना आहे. अकराव्या शतकातल्या चक्रदत्तातही तो येतो. पारंपरिक पद्धत क्षीरपाकाची: एक भाग सालीचं भरड, आठ भाग दूध, बत्तीस भाग पाणी, आणि पाणी आटून दूध उरेपर्यंत मंद आच. म्हणजे 5 ग्रॅम सालीला 40 मिली दूध आणि 160 मिली पाणी. शेवटी कपभरही उरत नाही. घरोघरी मात्र मूठभर साल तपेल्यात टाकून उकळतात आणि लालसर, तुरट पाणी दिवसभर पितात. तुरटपणा टॅनिनचा. त्या मुठीत किती ग्रॅम होते, याची नोंद कुणाकडेच नसते.

संशोधकांनीही सालीची दखल घेतली आहे. 1995 साली इंदूरच्या डॉक्टरांनी हृदय निकामी होत चाललेल्या अवघ्या 12 रुग्णांवर तिचा अर्क वापरून पाहिला आणि सुधारणा नोंदवली. पुढे दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये 100 रुग्णांवर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2016 मध्ये आले. रोज दोनदा 750 मिलिग्रॅम अर्क, 12 आठवडे. काही रुग्णांची चालण्याची ताकद वाढली, त्रासाची जाणीव कमी झाली. पण हृदयाच्या पंपाची क्षमता, म्हणजे टूडी इकोमधला तो टक्क्यांचा आकडा, वाढला नाही. मुख्य म्हणजे दोन्ही ठिकाणी अर्क दिला तो नेहमीच्या औषधांच्या जोडीला. गोळ्या बंद करून नव्हे. ‘संशोधनानं सिद्ध झालंय’ असं पारावर ठासून सांगणारा नेमका हाच भाग गाळतो.

गोळ्या सोडल्यावर काय होतं, हे एका कल्पित पण नेहमीच्या उदाहरणातून बघता येईल. मिरज तालुक्यातला पंचावन्न-साठीचा शेतकरी. झटका आला, अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला. घरी अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, कोलेस्टेरॉलची गोळी आणि मेटोप्रोलॉल. तिसऱ्या महिन्यात छातीत-पोटात जळजळ. शेजारी म्हणतो, “अण्णा, या गोळ्या उष्ण पडतात. माझ्या मेव्हण्यानं सगळ्या सोडल्या, नुसत्या काढ्यावर आहे.” अण्णा सोमवारी पाकीट कपाटात टाकतात.

आठवडा छान जातो, आणि इथंच फसगत होते. जळजळ थांबते, कारण अ‍ॅस्पिरिन थांबलेलं असतं. श्रेय काढ्याला जातं. आत मात्र हिशेब चालू असतो. मेटोप्रोलॉल एकदम तुटल्यानं दोन-चार दिवसांत नाडी उसळू लागते, हृदयावरचा ताण वाढतो. अ‍ॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेलनं निकामी केलेले बिंबाणू, म्हणजे प्लेटलेट्स, जाऊन नवे येत राहतात. पाच-सात दिवसांत रक्ताची गुठळी धरण्याची ताकद बरीचशी परतते. स्टेंटच्या जाळीवर रक्तवाहिनीचं अस्तर अजून पुरतं चढलेलं नसतं. उघड्या धातूवर गुठळी धरली, तर तीच नळी काही मिनिटांत बंद होते. हा झटका पहिल्यापेक्षा जीवघेणा ठरू शकतो. म्हणूनच झटक्यानंतर या दोन्ही गोळ्या एकत्र बहुधा वर्षभर सांगतात. जळजळ होत असेल तर त्यावर औषध आहे, गोळी बदलताही येते. पण ते डॉक्टरांनी करायचं.

‘बीपी आता नॉर्मल आहे, मग गोळी कशाला?’ हा दुसरा नेहमीचा सवाल. ते नॉर्मल असतं गोळीमुळंच.

गोळ्या चालू ठेवून काढा प्यायला तर? तेही विचारूनच. धातूची झडप बसवलेल्यांचं रक्त पातळ ठेवण्याचं माप आयएनआर तपासणीवर बेतलेलं असतं. कोणत्या साली-मुळीनं ते हलेल, हे आधी सांगता येत नाही. ज्यांना पाण्याचं प्रमाण बांधून दिलंय, त्यांच्या मापात काढ्याचा तांब्याही धरावा लागतो. लघवीची गोळी सोडून काढ्यावर राहिलेल्या रुग्णाचं पाणी साचतंय, हे वजनकाटा आधी सांगतो: दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढ, घोट्यावर बोट दाबलं की खळगा, रात्री आडवं पडलं की धाप.

पुष्कळ रुग्ण काढ्याची गोष्ट डॉक्टरांपासून लपवतात. रागावतील ही धास्ती. पुढच्या तपासणीला फाइलसोबत सालीची पुडीच पिशवीत टाकावी, आणि कधीपासून, किती, कशात उकळून घेतो ते सांगावं. छातीत दाब येऊन घाम फुटला, तर चुलीवर पातेलं चढवण्यात वेळ घालवू नये. पाटणच्या डोंगरातून कऱ्हाड गाठायलाही वेळ लागतो; 108 ला फोन आधी.