कुंडलीतील ग्रहाकृती

ग्रहाकृती म्हणजे पाश्चात्त्य फलज्योतिषात तीन किंवा अधिक ग्रहांच्या परस्पर कोनांतून जन्मकुंडलीच्या चक्रावर तयार होणारी आकृती. स्टेलियम, ग्रँड ट्राइन, टी-स्क्वेअर आणि योड या त्यांतील सर्वाधिक परिचित चार आकृती होत. त्या ओळखणे हे मुळात भूमितीचे काम आहे. त्यांवरून सांगितले जाणारे फल हा वेगळा विषय असून त्याला वैज्ञानिक आधार मिळालेला नाही.

## कोन आणि दीप्तांश

महाराष्ट्रात प्रचलित असलेल्या चौकोनी कुंडलीत ग्रह कोणत्या स्थानात आहे एवढेच दिसते. दोन ग्रहांतील अंशात्मक अंतर दिसत नाही. गोल चक्रात मात्र ३६० अंशांचे राशिचक्र प्रत्यक्ष काढलेले असते आणि प्रत्येक ग्रह आपल्या अंशावर मांडलेला असतो. ठरावीक अंतरावरील ग्रह चक्राच्या आत रेषांनी जोडतात. ०° अंतराला युती, ६०° ला त्रिएकादश, ९०° ला केंद्रयोग, १२०° ला नवपंचम, १५०° ला षडाष्टक आणि १८०° ला प्रतियोग म्हणतात.

अंतर क्वचितच अचूक जुळते. म्हणून थोडी सूट दिली जाते, तिला दीप्तांश म्हणतात. युती, केंद्रयोग, नवपंचम आणि प्रतियोग यांना साधारणतः ६ ते ८ अंश, तर षडाष्टकाला २ ते ३ अंश दीप्तांश धरण्याची पद्धत आहे.

## चार आकृती

स्टेलियम हा एका राशीत किंवा चक्राच्या लहानशा भागात जमलेला ग्रहांचा पुंजका होय. किमान तीन ग्रह हवेत की चार, याविषयी ज्योतिषांत एकमत नाही. ५ फेब्रुवारी १९६२ च्या सुमारास सूर्य, चंद्र, बुध, शुक्र, मंगळ, गुरू व शनी हे सुमारे १६ अंशांच्या पट्ट्यात आले होते. केतू धरून भारतात ही 'अष्टग्रही' म्हणून गाजली व प्रलयाची भीती पसरली. प्रलय मात्र झाला नाही.

ग्रँड ट्राइन म्हणजे परस्परांपासून १२०° वर असलेल्या तीन ग्रहांचा समभुज त्रिकोण. चक्राचा मध्यबिंदू या त्रिकोणाच्या आत येतो. टी-स्क्वेअर मध्ये दोन ग्रह प्रतियोगात असतात आणि तिसरा दोघांशी केंद्रयोग करतो. या काटकोन त्रिकोणाची सर्वांत लांब बाजू चक्राच्या मध्यातून जाते. तिसऱ्या ग्रहाला शिखरग्रह म्हणतात. योड हा अरुंद, लांबट त्रिकोण असतो. त्यात ६०° वरील दोन ग्रह तिसऱ्या एकाच ग्रहाशी १५०° चा कोन करतात.

## उदाहरण: महात्मा गांधींची कुंडली

वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथे १९३६ पासून वास्तव्य केलेल्या महात्मा गांधींचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदर येथे झाला. जन्मवेळ सकाळी सातच्या सुमाराची धरल्यास सायन पद्धतीने ग्रहांचे स्थूल अंश पुढीलप्रमाणे येतात. एकूण अंश मेषारंभापासून मोजले आहेत. त्यासाठी मागे पडलेल्या प्रत्येक राशीचे ३० अंश धरून त्यांत चालू राशीतील अंश मिळवावेत.

| ग्रह | रास व अंश | एकूण अंश |
|---|---|---|
| नेपच्यून | मेष १८ | १८ |
| प्लूटो | वृषभ १८ | ४८ |
| गुरू | वृषभ २० | ५० |
| हर्षल (युरेनस) | कर्क २२ | ११२ |
| चंद्र | सिंह २० | १४० |
| सूर्य | तूळ ९ | १८९ |
| बुध | वृश्चिक ४ | २१४ |
| शुक्र | वृश्चिक १६ | २२६ |
| मंगळ | वृश्चिक १८ | २२८ |
| शनी | धनू १२ | २५२ |

प्रथम पुंजका पाहावा. वृश्चिकेत बुध, शुक्र व मंगळ असे तीन ग्रह आहेत. तीन ग्रहांची व्याख्या मानल्यास हे राशीवर आधारित स्टेलियम होते. मात्र शुक्र व मंगळ दोन अंशांच्या अंतरावर असताना बुध शुक्रापासून १२ अंश दूर आहे. त्यामुळे निकट युतीची किंवा चार ग्रहांची अट घालणारे ज्योतिषी यास स्टेलियम म्हणत नाहीत.

नंतर मध्यातून जाणाऱ्या रेषा शोधाव्यात. मंगळ २२८ व गुरू ५० यांतील अंतर १७८ अंश, म्हणजे दोन अंशांच्या दीप्तांशात प्रतियोग आहे. चंद्र १४० वर असून तो गुरूपासून ९० व मंगळापासून ८८ अंशांवर आहे. हा स्पष्ट टी-स्क्वेअर असून चंद्र शिखरग्रह ठरतो. शुक्र मंगळाच्या बाजूला व प्लूटो गुरूच्या बाजूला जोडला जातो. १९३० साली शोध लागलेला प्लूटो वगळला तरी आकृती टिकते.

ग्रँड ट्राइनसाठी चंद्र, शनी व नेपच्यून हे त्रिकूट तपासावे. चंद्र–नेपच्यून अंतर १२२ आहे. शनी–नेपच्यून अंतर २५२ मधून १८ वजा केल्यास २३४ येते. ते १८० हून अधिक असल्याने ३६० मधून वजा करून १२६ घ्यावे. चंद्र–शनी अंतर ११२ आहे. आठ अंश दीप्तांश दिला तरच त्रिकोण पूर्ण होतो. सहा अंश दिल्यास होत नाही. चंद्र तासाला सुमारे अर्धा अंश सरकतो. त्यामुळे जन्मवेळ दोन तास पुढे धरली, तर आठ अंशांतही ही आकृती बसत नाही. टी-स्क्वेअरवर मात्र तेवढ्या फरकाचा परिणाम होत नाही.

मंगळ आणि नेपच्यून यांत ठीक १५० अंश आहेत. पण योडसाठी आवश्यक असलेला तिसरा ग्रह ७८ किंवा १६८ अंशांच्या आसपास हवा, आणि तेथे एकही ग्रह नाही. म्हणून या कुंडलीत योड नाही. षडाष्टकाची एकच रेषा पाहून योड ठरवणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे.

## सायन व निरयन

पंचांगात वापरली जाणारी निरयन पद्धत १८६९ सालासाठी प्रत्येक ग्रहातून सुमारे २२ अंश वजा करते. सर्वांतून सारखेच अंश वजा होत असल्याने परस्परांतील कोन बदलत नाहीत आणि आकृतीही तशाच राहतात. राशी मात्र बदलतात. वरील चंद्र, शनी व नेपच्यून सायन पद्धतीत सिंह, धनू व मेष या अग्नितत्त्वाच्या राशींत आहेत; निरयन पद्धतीत ते कर्क, वृश्चिक व मीन या जलतत्त्वाच्या राशींत जातात. त्यामुळे तत्त्वावरून सांगितलेले फल पद्धतीगणिक वेगळे होते.

## मर्यादा

दहा ग्रहांतून तीन-तीनचे १२० गट पडतात आणि दीप्तांशाची सूट मोठी असते. त्यामुळे एखादी आकृती सापडणे हे असाधारण मानता येत नाही. फलादेशाची चाचणी महाराष्ट्रात जयंत नारळीकर व सहकाऱ्यांनी घेतली. तिचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. हुशार आणि मतिमंद मुलांच्या कुंडल्या वेगळ्या ओळखण्यास सांगितले असता, प्रत्येकी ४० कुंडल्या तपासणाऱ्या २७ ज्योतिषांचे सरासरी यश ४६ टक्के आले. नाणेफेकीने अपेक्षित यश ५० टक्के असते. ही चाचणी ग्रहाकृतींपुरती मर्यादित नव्हती.