पंधरा घटकांचा गट चक्रीयच का?

गणितातला गट म्हणजे असा संच, ज्यातल्या कोणत्याही दोन घटकांवर ठरलेली क्रिया केली की उत्तर संचातच राहते. त्यात एक तटस्थ घटक असतो, प्रत्येकाचा व्यस्त असतो आणि कंस कुठेही घातला तरी चालतो. एकाच घटकावर पुन्हापुन्हा क्रिया करून सगळा गट मिळाला, तर तो चक्रीय.

घटक कितव्या वेळी तटस्थाशी पोहोचतो, ती त्याची कोटी. कोटीने गटाच्या आकाराला भाग जातोच. म्हणून १५ च्या गटात ती १, ३, ५ किंवा १५.

आता नॉर्वेच्या लुडविग सिलो यांचे १८७२ चे प्रमेय घेऊ. ५ घटकांच्या उपगटांची संख्या ३ ची विभाजक हवी, आणि तिला ५ ने भागून बाकी १ उरायला हवी. पर्याय दोनच, १ आणि ३. ३ ची बाकी ३ उरते, म्हणून उपगट एकच. ३ घटकांच्या उपगटांसाठी पर्याय १ आणि ५. ५ ला ३ ने भागून बाकी २ उरते. तोही एकच.

आता मोजा. ५ कोटीचे घटक ४, ३ कोटीचे २, तटस्थ १: एकूण ७. उरलेल्या आठांची कोटी १५ च असणार, आणि त्यातला एकही सगळा गट निर्माण करायला पुरतो. किती सुंदर!

६ घटकांत हे जमत नाही. तिथे ३ ला २ ने भागून बाकी १ उरते, त्यामुळे २ घटकांचे तीन उपगट शक्य होतात. समभुज त्रिकोणाच्या सममितींचा गट असाच, अचक्रीय आहे.