उपकामं संपली, म्हणजे काम संपलं?

बँकेच्या अ‍ॅपमध्ये ‘अडकलेले पैसे परत मिळवा’ ही सोय आणायची आहे, असं धरू. जिरा या कामं नोंदवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये टीम तिचं एक मुख्य तिकीट उघडते, PAY-41. त्याखाली चार उपकामं असतात: स्क्रीन, बँकेशी जोडणी, ग्राहकाला जाणारा मेसेज आणि टेस्टिंग. उपकामं संपतात, पण मुख्य तिकिटाची स्थिती बदलायची कुणाच्या लक्षात राहत नाही. म्हणून टीम एक नियम लावून ठेवते. कुठलंही उपकाम बंद झालं की नियम जागा होतो आणि विचारतो:

```
parent = PAY-41 AND statusCategory != Done
```

म्हणजे, न संपलेलं उपकाम शिल्लक आहे का? एकही सापडलं नाही तर मुख्य तिकीट आपोआप बंद होतं.

गडबड `statusCategory` या शब्दात आहे. टीमने स्थितींना कितीही नावं दिली तरी जिरा त्या तीनच गटांत बसवतं: सुरू व्हायचं, चालू आहे, संपलं. ‘रद्द’साठी चौथा गट नाही, त्यामुळे बहुतेक टीम ही स्थितीही ‘संपलं’मध्येच टाकतात. आता शुक्रवारी संध्याकाळी तीन उपकामं पूर्ण आहेत. टेस्टिंग पुढच्या आठवड्यात वेगळ्या तिकिटात करायचं ठरतं, म्हणून चौथं रद्द होतं. नियमाला शिल्लक काहीच दिसत नाही. PAY-41 हिरवं होतं, आणि सोमवारी ते पाहणारा मॅनेजर ही सोय ग्राहकांना द्यायला तयार आहे असं समजतो. पैसे परत करणारा कोड मात्र कुणीच तपासलेला नसतो.

हे ओळखायचं तर तिकिटाचा इतिहास उघडावा. शेवटचा बदल माणसाने नव्हे, ऑटोमेशनने केलेला दिसला, तर प्रत्येक उपकाम पूर्ण होऊन बंद झालं की रद्द होऊन, हे एकेक करून पाहावं.

दुसरी अडचण मला जास्त खोल वाटते. जे उपकाम अजून कुणी लिहिलेलंच नाही, ते नियमाला दिसत नाही. सकाळी घाईत फक्त ‘स्क्रीन’ लिहिलं, दुपारी ते संपलं, बाकीची तीन उद्या लिहायची होती. मुख्य तिकीट आजच बंद! शिवाय असा नियम एकाच दिशेने चालतो. टेस्टिंगमध्ये दोष सापडून उपकाम पुन्हा उघडलं, तरी त्यासाठी वेगळा नियम नसेल तर मुख्य तिकीट बंदच राहतं.

माझं मत स्पष्ट आहे. पहिलं उपकाम सुरू होताच मुख्य तिकीट ‘चालू आहे’वर नेणं नियमावर खुशाल सोपवावं. सगळी उपकामं संपल्यावर मात्र नियमाने ते फक्त ‘तपासणीसाठी’ या स्थितीपर्यंत न्यावं. शेवटचं ‘डन’ ज्याने ते काम मागितलं होतं त्यानेच, सोय स्वतः चालवून पाहून, करावं.